बिलातल्या सगळ्या फील्डना एकच कट-ऑफ, की प्रत्येकाला वेगळा?

म्हापसेकर
आमच्या म्हापशाच्या लेखा कार्यालयात किनाऱ्यावरच्या हॉटेलांची खरेदीबिलं स्कॅन होतात आणि सॉफ्टवेअर ती वाचतं. एका बिलातून नऊ फील्ड निघतात, प्रत्येकापुढे ० ते १ मधला कॉन्फिडन्स स्कोअर येतो. ०.९० च्या खालचं सगळं दोन मुली डोळ्यांनी तपासतात. त्यांची रांग संपत नाही, आणि तरीही चुका टॅलीत पोचतात. कट-ऑफ वर नेऊ की खाली आणू?

डिचोलीवाला
वर न्या. ०.९७ करा. स्कोअर म्हणजे बरोबर असण्याची शक्यता, म्हणजे ०.९७ ला शंभरात तीनच चुकणार. रांग वाढेल, पण सीझनपुरती एक मुलगी जास्त घ्या. नऊ फील्डना नऊ आकडे ठरवत बसलात तर ते सांभाळणार कोण?

फोंडेकर
डिचोलीवाला भाऊ, "शंभरात तीन" हे तुम्ही मोजलंय की स्क्रीनवरचा आकडा वाचून म्हणताय? शंभरात खरोखर तीनच चुकत असतील तर आकड्याला अर्थ. बहुतेक सॉफ्टवेअरचा स्कोअर प्रत्यक्षापेक्षा आशावादी असतो, आणि किती आशावादी ते फील्डनुसार बदलतं.

हा आकडा कसा बनतो ते आधी बघा. बिल क्रमांक धरा `PNJ/24-25/0871`, म्हणजे चौदा अक्षरं. तेरा अक्षरांवर ०.९९९ आहे आणि शाई फुटल्यामुळे ७ की १ कळत नाही म्हणून त्या एका अक्षरावर ०.५५. सॉफ्टवेअर सरासरी काढत असेल तर फील्डचा स्कोअर ०.९६७ येतो आणि बिल तुमच्या ०.९० मधून सुखरूप निघून जातं. खरं तर तो क्रमांक चुकण्याची शक्यता जवळजवळ निम्मी आहे. चौदा आकड्यांचा गुणाकार केला, किंवा सर्वांत कमी अक्षराचाच स्कोअर फील्डला दिला, तर ०.५४–०.५५ दिसेल. तेव्हा सॉफ्टवेअरच्या पुरवठादाराला पहिला प्रश्न हा विचारा: फील्डचा स्कोअर सरासरी आहे, गुणाकार आहे की किमान?

दुसरी गोष्ट यापेक्षा मोठी. स्कोअर "अक्षरं नीट वाचली का" एवढंच सांगतो. नीट वाचलेलं अक्षर योग्य जागेवरून उचललं का, याची हमी त्यात फार थोडी असते. तुमच्या बहुतेक बिलांवर दोन जीएसटीआयएन असतात, विकणाऱ्याचा आणि तुमच्या हॉटेलचा. दोन्ही स्वच्छ छापलेले, आणि विक्रेता गोव्यातला असेल तर दोन्ही ३० ने सुरू होणारे. सॉफ्टवेअरने हॉटेलचाच नंबर विक्रेत्याच्या खान्यात टाकला तरी स्कोअर ०.९९ येणार. कट-ऑफ ०.९७ करा की ०.९८५, ही चूक कधीच अडकणार नाही.

मडगावची हिशेबनीस
अगदी हेच आमच्याकडे. देय तारीख बिलाच्या तारखेच्या जागी बसायची, ठसठशीत छापलेली, स्कोअर उत्तम.

पण म्हापसेकर बाब, तुम्ही स्कोअरला सोडा आणि बिलालाच विचारा. करपात्र रक्कम १२,४००, सीजीएसटी १,११६, एसजीएसटी १,११६, एकूण १४,६३२. बेरीज जुळते, दोन्ही कर सारखे, आणि प्रत्येक कर करपात्र रकमेच्या नेमका नऊ टक्के. उडालेल्या थर्मल बिलावर यांचा स्कोअर ०.८२ आला तरी मी ते पुढे सोडते. चारही आकडे चुकून वर एकमेकांशी जुळणं जवळजवळ अशक्य. उलट १२,४०० चं १२,९०० झालं आणि स्कोअर ०.९८ असला तरी बेरीज ओरडते. तेव्हा चारही आकडे एकत्र मुलीसमोर आणायचे, कारण दोषी कोणता ते बेरीज सांगत नाही. राउंड ऑफसाठी एक रुपयाची सूट ठेवा, नाहीतर निम्मी बिलं अडकतील.

बेळगावहून माल येतो तिथे अजून एक. विक्रेत्याचा नंबर २९ ने सुरू होतो तर बिलावर आयजीएसटी हवा. खान्यात ३० आणि कर आयजीएसटी असं दिसलं की बहुधा हॉटेलचा नंबर घुसलाय.

फोंडेकर
बरोबर. त्यात "विक्रेत्याचा नंबर आपल्या कुठल्याही अशीलाचा नसावा" हा एक नियम घाला, तो एका ओळीचा आहे. अर्थात तुमचा एक अशील दुसऱ्याला माल विकत असेल तर ते बिल अडकेल, ते हाताने सोडायचं. जीएसटीआयएनचं पंधरावं अक्षर आधीच्या चौदांवरून निघतं, त्यामुळे एखादं अक्षर चुकीचं वाचलं तर ते इथेच पकडलं जातं:

```python
A = "0123456789ABCDEFGHIJKLMNOPQRSTUVWXYZ"
def ok(g):
    s = 0
    for i, c in enumerate(g[:14]):
        p = A.index(c) * (1 + i % 2)
        s += p // 36 + p % 36
    return A[(36 - s % 36) % 36] == g[14]
```

लांबी पंधरा आहे आणि अक्षरं इंग्रजी कॅपिटल आहेत हे आधी बघून घ्या. मात्र हॉटेलचा नंबरही या परीक्षेत पास होतो, म्हणून वरचा नियम वेगळा हवाच.

पेडण्याचे काका
मी हा धागा जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यांचं काही मिळेल म्हणून उघडला. आमच्या घराण्याचं आडनाव एका कागदावर Naik, दुसऱ्यावर Naique. सर्व्हे नंबर १२३/४ आणि १२३/४-अ वेगळ्या जमिनी. यंत्राने "-अ" गाळला तर स्कोअर किती दाखवणार? मला विचाराल तर सगळं माणसानेच वाचावं. तुमची बिलं काय, माझी जमीन काय.

मडगावची हिशेबनीस
काका, तुमच्या कागदाचा प्रश्न वेगळा आहे, पण तुम्ही म्हणता ते तुमच्यापुरतं पटतं. सर्व्हे नंबर चुकला तर नुकसान जमिनीएवढं, आणि बेरजेसारखी पडताळणी त्याला नाही. असं फील्ड स्कोअर न बघता माणसाकडेच जावं. आमच्या बिलावरचा विक्रेत्याचा पत्ता चुकला तर मात्र कोणाचं काही अडत नाही.

मी हिशेब असा करते. एक फील्ड तपासायला धरा पन्नास पैसे. बिल क्रमांक चुकला तर तो जीएसटीआर-२बीशी, म्हणजे विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांच्या सरकारी यादीशी, जुळत नाही, मग कोणीतरी अर्धा तास शोधतं, म्हणजे धरा चाळीस रुपये. अर्धा भागिले चाळीस, सव्वा टक्का. चुकण्याची शक्यता सव्वा टक्क्याहून जास्त असेल तर माणूस स्वस्त, म्हणजे कट-ऑफ जवळजवळ ०.९९. पत्ता चुकल्याचं नुकसान एक रुपया धरलं तर कट-ऑफ ०.५० पुरतो. आज तुम्ही दोन्ही फील्डना ०.९० लावलाय. म्हणून मुली पत्ते तपासत बसतात आणि बिल क्रमांक निसटतात.

डिचोलीवाला
हे कागदावर छान. पण फोंडेकरांनीच सांगितलं की स्कोअर खरा नसतो. मग खोट्या ०.९९ वर चाळीस रुपयांचा हिशेब कसला मांडता? आणि खरा करायचा म्हटलं तर प्रत्येक फील्डची शेकडो बिलं हाताने तपासायला हवीत. छोट्या ऑफिसात ते होत नाही. म्हणून मी एकच आकडा म्हणतो. चुकेल, पण का चुकला ते तरी कळेल.

फोंडेकर
हा मुद्दा वजनदार आहे. तीनशे फील्ड तपासून एकही चूक सापडली नाही तर तुम्ही ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणू शकता की चुका साधारण एक टक्क्याच्या आत आहेत. साठच तपासली आणि सगळी बरोबर निघाली, तर चुका पाच टक्क्यांपर्यंतही असू शकतात. म्हणजे ०.९९ चा दावा करायला एका फील्डची किमान तीनशे हवीत. नऊही फील्डना ते झेपणार नाही हे मान्य.

पण नऊंना लागतही नाही. रकमा बेरजेने सांभाळल्या. जीएसटीआयएन चेक अक्षराने आणि अशीलांच्या यादीने. पत्ता सोडून दिला. खरी मोजणी उरते ती बिल क्रमांकाची आणि तारखेची. त्यात तुमचं काम २बी निम्मं करतं. दर महिन्याच्या १४ तारखेला ते येतं, त्यात विक्रेत्याने भरलेला क्रमांक आणि तारीख असते. सॉफ्टवेअरने वाचलेलं त्याच्याशी लावा, स्कोअरच्या पट्ट्या पाडा, ०.९५ ते ०.९७, ०.९७ ते ०.९९, त्याच्या वर, आणि प्रत्येक पट्टीत किती जुळलं ते लिहा. तुमच्या ०.९७ चा खरा भाव तिथे दिसेल.

मडगावची हिशेबनीस
पण विक्रेत्यानेच चुकीचा क्रमांक भरलेला असतो, बाब! 0871 च्या जागी 871 भरणारे किती तरी आहेत. आणि कंपोझिशनवाल्यांची बिलं २बीत येतच नाहीत. छोटे बेकरीवाले बरेच त्यातले, आणि त्यांचीच बिलं हस्ताक्षरात.

फोंडेकर
सुरुवातीची शून्यं काढूनच जुळवा. न जुळलेलं प्रत्येक बिल डोळ्याने बघा, तेवढ्यावरून चूक कोणाची ते कळतं. हस्ताक्षरातल्या बिलांची पट्टी वेगळी ठेवा, छापील बिलांचा कट-ऑफ त्यांना लावू नका. ती सध्या सगळीच माणसाकडे गेली तरी चालेल.

म्हापसेकर, एक विचारतो. ०.९० च्या वर गेलेलं गेल्या वर्षात कोणी उघडून बघितलंय का?

म्हापसेकर
नाही. टॅलीत अडकलं तरच.

फोंडेकर
मग तुम्हाला वरच्या चुका माहीतच नाहीत, फक्त खालच्या दिसतात. रोज पास झालेल्या फील्डमधून चिठ्ठी काढल्यासारखी वीस उचला आणि मुलींच्या रांगेत न सांगता मिसळा. नवा विक्रेता आला, बिलाचा नमुना बदलला, की या विसांतच पहिलं दिसेल.

डिचोलीवाला
न सांगता मिसळलं तरी उपयोग काय? मुली भरलेला आकडा बघतात आणि एंटर मारतात. आमच्याकडे तर रांगेतली ९ च्या जागची १ सुद्धा तशीच पुढे जायची.

मडगावची हिशेबनीस
म्हणून बिल क्रमांकाला आम्ही खाना रिकामा ठेवतो. फक्त कापलेलं चित्र दिसतं, तिने स्वतः टाइप करायचं, सॉफ्टवेअरशी जुळलं तर पुढे.

फोंडेकर
त्यात वेळ जास्त जातो, पन्नास पैशांचा एक रुपया होतो, आणि तुमचा ०.९९ सरळ ०.९७५ वर येतो. मी भरलेलाच दाखवतो, फक्त कमी स्कोअरचं अक्षर पिवळं करतो.

मडगावची हिशेबनीस
पिवळं केलं की त्याच अक्षराकडे बघतात, बाकीची तेरा तशीच राहतात. मला नाही पटत.

म्हापसेकर
रिकामा खाना एका महिन्यापुरता फक्त बिल क्रमांकाला लावतो, दुसरीकडे पिवळं. पत्ता उद्यापासून रांगेतून बाहेर. सरासरी की किमान ते पुरवठादाराला विचारलंय, उत्तर आलं की इथे टाकतो.