एक ग्रॅम रेडियम आणि एक ग्रॅम आयोडीन-131

कपाशीवाला (दारव्हा तालुका): पोट्टीच्या बारावीच्या गाईडात छापलं आहे की एक ग्रॅम आयोडीन-131 ची सक्रियता एक ग्रॅम रेडियमच्या लाखपट असते. रेडियम 1600 वर्षांनी अर्धं होते, आयोडीन 8 दिवसांतच. मंग जे टिकते तेच जास्त जहाल नाही का? गाईडवाले काहीही छापून रायले.

मास्तर: भाऊ, हे वाचून राहवलं नाही, कारण दरवर्षी वर्गात निम्मी पोरं असंच म्हणतात. टिकणं म्हणजेच हळू फुटणं. दोन घरी सारखीच ज्वारी भरली. एका घरी ती आठ दिवसांत अर्धी झाली, दुसऱ्या घरी वर्ष लागलं. रोजचा खर्च कोणाचा जास्त? सक्रियता म्हणजे हा खर्चच, फक्त दर सेकंदाचा.

आता हिशेब. आयोडीनचे 8.02 दिवस म्हणजे 6 लाख 93 हजार सेकंद. 0.693 ला त्यानं भागलं की जवळपास 10⁻⁶ येतं, म्हणजे दर सेकंदाला दहा लाखांतला एक अणू फुटतो. एका ग्रॅममध्ये अणू 6.022×10²³ ÷ 131, म्हणजे 4.6×10²¹. दोन्हींचा गुणाकार 4.6×10¹⁵ बेकेरेल. रेडियमचे 1600 वर्षांचे सेकंद 5.05×10¹⁰ आणि ग्रॅममधले अणू 2.66×10²¹, म्हणून 3.66×10¹⁰ बेकेरेल. भागून पाहा, सव्वा लाखपट येते. पोरं वर्षांचे सेकंद करायला विसरतात आणि मग भलताच आकडा येतो. रेडियमचं उत्तर एका क्युरीच्या जवळ आलं नाही, तर कुठंतरी चुकलं समजा. क्युरी हे एककच मुळात एक ग्रॅम रेडियमवरून ठरलं होतं.

पुसदकर: एवढं लांबण लावायची गरजच नाही. अर्धायुष्यांचा भागाकार करा. 1600 गुणिले 365 भागिले 8, म्हणजे 73 हजार. लाखही नाही, सव्वा लाखही नाही. गाईड चूकच आहे.

मास्तर: अणू सारखेच असते तर तुमचं बरोबर होतं. इथं वजन सारखं आहे. आयोडीनचा अणू हलका, म्हणून एका ग्रॅममध्ये तो 226 ÷ 131, म्हणजे 1.72 पट जास्त भरतो. 73 हजारांना त्यानं गुणा.

पुसदकर: बरं, सव्वा लाख. पण रीत माझीच सोपी, ॲव्होगाड्रो लागतच नाही.

मास्तर: रीत सोपी आहे, मान्य. अर्धीच लिहिली होती.

गजानन: तुमचे ग्रॅम राहू द्या. माझ्या मायले थायरॉईडच्या कॅन्सरसाठी नागपूरच्या एका दवाखान्यात हेच आयोडीन दिलं, 100 मिलिक्युरी. सुट्टी देताना किती दिवस जपायचं ते कोणी नीट समजावलं नाही. गावात आल्यावर दोन महिने शेजारीण दळण घ्यायले तयार नव्हती. माय ओसरीत एकटी जेवे, ताट अंगणातल्या दगडावर ठेवून जात. रेडियमपेक्षा लाखपट, असं इथं लिहिता, ते गावात कोणी वाचलं तर काय होईल?

मास्तर: गजाननभाऊ, वाईट वाटलं. पण लाखपट हे ग्रॅमला ग्रॅम आहे. तुमच्या मायला ग्रॅम दिलाच नव्हता. 100 मिलिक्युरी म्हणजे 3.7×10⁹ बेकेरेल. त्याला 4.6×10¹⁵ नं भागा, 0.8 मायक्रोग्रॅम येतं. डोळ्याला दिसणारही नाही इतकं.

गजानन: मग तेवढ्यासाठी मायले दोन महिने वाळीत?

रेणुका (न्यूक्लिअर मेडिसिन टेक्निशियन): सुरुवातीचे दिवस जपणं खरंच लागतं, विशेषतः लहान लेकरं आणि गरोदर बाईपासून. पण दोन महिने म्हणजे जवळपास साडेसात अर्धायुष्यं. नुसत्या ऱ्हासानंच जवळपास एकशेऐंशीवा भाग उरतो. शिवाय बरंचसं आयोडीन पहिल्या काही दिवसांतच लघवीवाटे जातं. शेजारणीची भीती तेव्हा बिनबुडाची होती. पण मास्तर, तुम्हीही अर्धंच सांगताय. 3.66×10¹⁰ हे निव्वळ रेडियमचं. ते बंद नळीत महिनाभर राहिलं की रेडॉन आणि त्याच्या पुढची अल्पायुषी मूलद्रव्यं साचतात, आणि नळीतली एकूण सक्रियता सहापटीच्या आसपास जाते.

मास्तर: बरोबर आहे ताई. प्रश्न ताज्या, शुद्ध रेडियमचा होता, म्हणून सोडलं. लिहायला हवं होतं.

कपाशीवाला: गणित पटलं, गाईडवाल्याले माफी. पण आयोडीन एवढं झपाट्यानं फुटते तर लवकर संपतेही. मंग रेडियम कधी पुढं जाते?

पुसदकर: सव्वा लाखाची निमपट करत जा. सतरावेळा. 17 गुणिले 8, म्हणजे 136 दिवस.

रेणुका: शुद्ध रेडियमपुढे 136. जुन्या बंद नळीपुढे 115 च्या आसपास.

कपाशीवाला: म्हणजे साडेचार महिन्यांनंतर माझं म्हणणं खरं.

मास्तर: तेव्हा तुमच्या ग्रॅममधलं आयोडीन जेमतेम 8 मायक्रोग्रॅम उरलेलं असेल. मग ते ग्रॅमला ग्रॅम राहत नाही, भाऊ.

पुसदकर: सुरू करताना ग्रॅमच होता ना? मग तुलना चालते. मी कपाशीवाल्याच्या बाजूनं.

गजानन: रेणुकाताई, ते एकशेऐंशीव्या भागाचं मराठीत एका कागदावर लिहून द्या. मले शेजारणीले वाचून दाखवायचं आहे.