चावीचं घड्याळ: स्प्रिंग सैल झाली तरी वेळ तीच कशी?

> "सकाळी चावी भरली की स्प्रिंग घट्ट, रात्री सैल. मग घड्याळ सकाळी पळत का नाही?"

कारण वेळ मुख्य स्प्रिंग मोजतच नाही, ती फक्त जोर पुरवते. मोजणारं असतं ते मागेपुढे झुलणारं चाक, म्हणजे बॅलन्स व्हील, आणि त्यावरची केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग. चाक जितकं लांब फिरेल, तितक्याच जोरात हेअरस्प्रिंग त्याला मागे खेचते. म्हणून झोका मोठा असो की लहान, वेळ जवळपास तेवढाच लागतो.

एचएमटी जनता घ्या. बॅलन्सच्या दर झोक्याला दात अडवून धरणारा पॅलेट सुटतो, मुख्य स्प्रिंगच्या जोरावर फिरणारं १५ दातांचं एस्केप व्हील अर्धा दात सरकतं, बॅलन्सला हलका धक्का देतं आणि पुन्हा अडकतं. हीच टिकटिक, सेकंदाला ५ वेळा.

'जवळपास' म्हटलं, कारण झोका फार लहान झाला की थोडा फरक पडतोच. म्हणून रोज ठरावीक वेळी पूर्ण चावी भरा.

इंदूरच्या एका काकांचं घड्याळ अचानक दिवसाला कित्येक मिनिटं पुढे जातंय, तिथे मात्र माझा पहिला संशय चुंबकावर. चुंबकामुळे हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटले की ती आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ पुढे पळतं. घड्याळाजवळ होकायंत्र धरा. सुई हलत्या बॅलन्सबरोबर थरथरली तर आधी घड्याळ डीमॅग्नेटाइझ करून, म्हणजे त्यातलं चुंबकत्व काढून घ्या. सुई स्थिर राहिली तर वेढ्यांवर तेल गेलंय का, ते कारागिराला पाहायला सांगा.