शब्दचर्चा : लुकअपमधले ‘अंदाजे’ म्हणजे नक्की काय?

साखरपेठ : आमच्या टॉवेल कारखान्यात ऑर्डरची एक शीट आणि दरांची दुसरी शीट असते. डिझाइनचा कोड जुळवून दर आणण्यासाठी मी पुढील सूत्र वापरतो.

```
=VLOOKUP(A2,Rates!$A$2:$C$60,3)
```

शिकवणीच्या टिपणात ‘जुळणी अंदाजे किंवा तंतोतंत’ असे लिहिले आहे. ‘अंदाजे’ म्हणजे स्पेलिंगमध्ये थोडा फरक असला तरी चालते, असा अर्थ घ्यावा का? ‘चादर’ आणि ‘चद्दर’ हे त्याला एकच वाटतील का?

अक्कलकोट रोड : स्पेलिंगचा येथे संबंध नाही. जो आकडा सर्वांत जवळचा, तो ‘अंदाजे’मध्ये निवडला जातो. शिवाय अशा शीटमध्ये खरा दोष कोडच्या मागे राहिलेल्या रिकाम्या जागेचा असतो. सूत्रात A2 ऐवजी `TRIM(A2)` लिहा, म्हणजे काम होईल.

जुना हिशेबनीस : स्पेलिंगविषयी आपले म्हणणे बरोबर आहे, परंतु ‘जवळचा’ हा शब्द चुकीचा आहे. अंदाजे जुळणीत शोधलेल्या किमतीइतकी किंवा तिच्याहून लहान असलेल्या किमतींपैकी सर्वांत मोठी किंमत घेतली जाते, आणि त्यासाठी पहिला रकाना चढत्या क्रमाने लावलेला असावा लागतो. समजा, सवलतीच्या तक्त्यात १ डझनापासून काही नाही, ५० डझनांपासून ३ टक्के आणि २०० डझनांपासून ५ टक्के, असे टप्पे आहेत. १९९ डझनांची ऑर्डर २०० च्या अगदी लगत असली तरी तिला ३ टक्केच मिळतात, आणि व्यवहाराच्या दृष्टीने तेच योग्य आहे. अशा टप्प्यांसाठीच ही जुळणी आहे.

साखरपेठकरांच्या सूत्रात मात्र चौथा भाग लिहिलेलाच नाही, आणि तो सोडला की VLOOKUP अंदाजे जुळणीच धरते. दरांच्या शीटमध्ये १००१, १००४, १००७ आणि १०१२ हे कोड आहेत व १००७ चा दर १८५ रुपये आहे, असे धरा. ऑर्डरमध्ये १००९ हे नवे डिझाइन आले आणि त्याचा दर अजून चढवलेला नसला, तर `#N/A` येण्याऐवजी मुकाट्याने १८५ येतात. बिलावर तो आकडा इतका साळसूद दिसतो की कोणाला शंकाही येत नाही. चौथ्या जागी FALSE लिहिले की १००९ समोर `#N/A` येईल, आणि दर चढवायचा राहिला आहे हे तेव्हाच कळेल. जुन्या शीटमध्ये अशा ओळी शोधायच्या असतील, तर शेजारच्या रकान्यात दराऐवजी कोडच परत मागवून ताडून पाहावा.

```
=VLOOKUP(A2,Rates!$A$2:$C$60,1)=A2
```

जेथे FALSE येईल, तेथे दुसऱ्याच डिझाइनचा दर लागलेला आहे.

TRIM विषयी एक सावधगिरी सांगतो. TRIM चे उत्तर नेहमी मजकूर असते. दोन्ही शीटमधले कोड आकडे असतील, तर `TRIM(A2)` मुळे आकड्याची मजकुराशी गाठ पडते आणि तंतोतंत जुळणीत जुळणारी ओळसुद्धा `#N/A` देते.

अशोक चौक : मी FALSE नेहमीच लिहिते, तरीही माझा दर चुकतो. मी कोडऐवजी मापाने शोधते. `30*60` शोधले असता वरच्या `30*54-360` या ओळीचा दर येतो. FALSE म्हणजे तंतोतंत, हे मग कसे मानायचे?

जुना हिशेबनीस : ताई, मजकूर शोधताना VLOOKUP फुलीचा अर्थ ‘मध्ये काहीही’ असा घेते. तुमची वरची ओळ ३० ने सुरू होते आणि ६० ने संपते, म्हणून तीच आधी सापडते. फुलीच्या आधी `~` लावली की ती साधे चिन्ह ठरते.

```
=VLOOKUP(SUBSTITUTE(A2,"*","~*"),Rates!$A$2:$C$60,3,FALSE)
```

XLOOKUP उपलब्ध असेल, तर हा खटाटोप नको, कारण ते मुळातच तंतोतंत जुळवते आणि वेगळे सांगितल्याशिवाय फुलीला असा अर्थ देत नाही.

अक्कलकोट रोड : ‘जवळचा’ हा शब्द मी मागे घेतो. पण मग टिपणात ‘अंदाजे’ तरी का असावे? ‘टप्प्याची जुळणी’ म्हटले तर कोणी फसणार नाही.

अशोक चौक : टप्पे म्हटले की केवळ सवलतच डोळ्यांपुढे येते. तारखेनुसार लागू असलेला दर काढण्यासाठीही हीच जुळणी लागते. मला ‘खालची जुळणी’ बरे वाटते.

साखरपेठ : शेजारचा रकाना लावून पाहिला. १००९ खेरीज आणखी काही ओळींत FALSE आले. आता चौथा भाग भरला आहे. परंतु दिवाळीनंतर दर बदलल्यामुळे १०१२ हा कोड दरांच्या शीटमध्ये दोनदा आहे, आणि सूत्र जुनाच दर आणते.

जुना हिशेबनीस : तंतोतंत जुळणीत वरून पहिली सापडणारी ओळ घेतली जाते, आणि तुमची जुनी ओळ वर असणार. नवी ओळ वर घेतली तर जुन्या ऑर्डरींनाही नवा दर लागेल. त्यामुळे जुन्या ऑर्डरी कोणत्या दराने धरायच्या, हे आधी मालकांना विचारा.