मदत हवी आहे: वरच्या पाच पानांवरून आराखडा, पण नक्कल नको

खाडीकाठ: मालवणातल्या एका होमस्टेच्या साइटसाठी 'सिंधुदुर्ग किल्ला कसा बघावा' हा लेख लिहायला घेतलाय. सर्चमधली वरची पाच पानं उघडली तर सगळ्यांचा क्रम एकच: इतिहास, तटबंदी, कसे पोहोचाल, जवळची ठिकाणं. काही गाळलं तर लेख अपुरा, सगळं ठेवलं तर सहावी झेरॉक्स. तुम्ही काय करता?

नारळीपाक: पाचांची शब्दसंख्या काढा, सरासरीपेक्षा थोडं जास्त लिहा आणि सगळी हेडिंगं एकत्र करा. काही सुटत नाही.

गलबत: सुटत नाही हे खरं, पण पाचांची गोधडी होते. आणि शब्दसंख्येवर रँक ठरत नाही, हे गूगलनेच सांगितलंय.

हेडिंगं उतरवूच नका. प्रत्येक परिच्छेद कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतोय, तो प्रश्न लिहा. 'कसे पोहोचाल' या एका हेडिंगखालून तीन निघतात: कुडाळ स्टेशनवरून मालवण कसं गाठायचं, होडी कुठून मिळते, पावसाळ्यात मिळते का. शीटमध्ये आडवे प्रश्न, उभी पानं. चार-पाच पानांत आलेला प्रश्न तुमच्याकडे हवाच. मग टॅब बंद करा आणि प्रश्न माणसाला ज्या वेळी पडतात त्या क्रमाने लावा. पावसाळ्यात होड्या बंद असतात हे घर सोडण्याआधीच कळायला हवं, म्हणून ते सर्वांत वर. किल्ल्यावर होडीवाला थोडाच वेळ देतो, म्हणून तेवढ्यात काय बघायचं हा मधला मोठा भाग. इतिहासाचं वेगळं हेडिंग लागतच नाही. शिवराजेश्वर मंदिर, दूधबाव, दहीबाव, साखरबाव जिथे येतील तिथेच दोन ओळी.

हापूसवाली: माझ्या आंब्याच्या पानावरचा मजकूर एकाने जसाच्या तसा उचललाय. तक्रार कुठे करू?

गलबत: ताई, तो विषय वेगळा. गूगलचा कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म असतो. नवा धागा काढा, तिथे बोलू.

खाडीकाठ: शीट केली. 'आजी-आजोबांना होडीत चढता येईल का' हे पाचांत कुठेच नाही, मालकीणबाईंना मात्र फोनवर सारखं विचारतात. ते धक्क्याच्या भागात घेतलं. पण कुडाळहून येण्याचा भाग सगळ्यांसारखाच झालाय.

गलबत: होणारच, रस्ता काय आपण बदलणार? तुमची हेडिंगं एकेका पानाशेजारी ठेवून बघा. सलग तीन-चार त्याच क्रमाने आली आणि नुसते शब्द बदललेले असले, तर ती नक्कल. एखादं जुळलं तर सोडून द्या.

नारळीपाक: पण पाचही पानं इतिहासाने सुरू होतात, म्हणजे वाचकाला तेच हवं असणार ना?

गलबत: नुसतं 'सिंधुदुर्ग किल्ला' शोधणाऱ्याला, हो. तिथे १६६४ ची पायाभरणी आधी आली तर चालेल. 'कसा बघावा' शोधणारा बॅग भरून बसलाय.

खाडीकाठ: मालकीणबाईंना दोन्ही शोधांसाठी एकच पान हवंय. आता?

गलबत: दोन पानं करा म्हणून सांगून बघा. ऐकलं नाही तर 'कसा बघावा' धरून लिहा. पहिल्या शोधात कितपत वर येईल, सांगता येत नाही.