मदत हवी आहे: करडईच्या तेलाची सॅपॉनिफिकेशन व्हॅल्यू 214 येतेय

लातूरची_पोरगी: बी.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी गावातल्या घाण्यावरचं करडईचं तेल घेतलंय. 2.03 ग्रॅम तेलात अल्कोहोलिक KOH 25 मिली घालून कंडेन्सर लावून तासभर उकळलं, गरम असतानाच फिनॉल्फ्थॅलीन टाकून 0.5 N HCl ने टायट्रेट केलं. ब्लँक 24.8, तेलाचं 9.3. 56.1 × 0.5 × 15.5 ÷ 2.03 म्हणजे 214. पुस्तकात 186 ते 196 आहे. घाणेवाल्यानं भेसळ केली का?

परभणीकर: पामतेल असणार. आजकाल सगळीकडं तेच चालतं.

जुना_केमिस्ट: पामतेलाचाच आकडा 200 च्या आसपास असतो, ते मिसळून 214 कसं होईल? खोबरेल असतं तर गोष्ट वेगळी, त्याचा 250 च्या वर जातो. पण करडईत महाग खोबरेल कोण घालतंय! ताई, ब्लँक पण तासभर उकळला होता का?

लातूरची_पोरगी: नाही सर. त्यात तेलच नाही, म्हणून थेट टायट्रेट केला.

जुना_केमिस्ट: तिथंच गडबड आहे. उकळताना आणि थंड होताना KOH हवेतला CO₂ ओढून घेतं, त्याचं कार्बोनेट होतं. फिनॉल्फ्थॅलीनचा रंग जाईपर्यंत कार्बोनेट निम्मंच आम्ल घेतं. ही तूट तेलाच्या फ्लास्कमध्ये पडली, ब्लँकमध्ये नाही. मग ती तुम्ही तेलानं खाल्लेलं KOH म्हणून मोजली.

नांदेड_साबण: मी घरी साबण करते. 193 धरून 100 ग्रॅम करडई तेलाला 19.3 ग्रॅम कॉस्टिक घालू का?

जुना_केमिस्ट: थांबा हो! तो आकडा KOH चा. कॉस्टिक सोड्यासाठी 1.403 ने भागा, 13.8 येईल. 19.3 घातलं तर हात भाजतील.

लातूरची_पोरगी: आज ब्लँक उकळून केला, 24.1 आला. व्हॅल्यू 204.5. अजून जास्तच.

परभणीकर: आम्ल नीट बनवलंय का? माझं मत, ब्लँक घेतला की आम्लाची चूक आपोआप वजा होते.

जुना_केमिस्ट: निम्मं बरोबर. KOH ची नेमकी ताकद माहीत नसली तरी चालतं, ती ब्लँकमधून कळते. HCl ची नॉर्मॅलिटी मात्र थेट गुणली जाते. ताई, आम्ल प्रमाणित केलं होतं?

लातूरची_पोरगी: बाटलीतलं 42 मिली घेऊन लिटर केलं. बाटली जुनीच होती, झाकण सैल.

जुना_केमिस्ट: मग वायू उडून गेलाय. वाळवलेलं सोडियम कार्बोनेट 0.53 ग्रॅम घ्या, मिथिल ऑरेंज वापरा. आम्ल 0.5 N असेल तर 20 मिली लागेल.

लातूरची_पोरगी: 21.2 लागलं! म्हणजे 0.472 N. आता 193 येतंय. लिहून टाकू?

जुना_केमिस्ट: नको. ब्लँक आजचा, तेलाचं रीडिंग कालचं. मधल्या वेळात KOH बदललं असेल तर 193 हा योगायोगही असू शकतो. दोन तेलाचे, दोन ब्लँक, एकाच वेळी, एकाच पिपेटनं.

लातूरची_पोरगी: लॅबमध्ये कंडेन्सर दोनच आहेत सर.