मदत हवी आहे: ड्राइव्ह बदलल्यावर टाइमलाइनवर भलतेच शॉट

सावळा_गोंधळ
वारीवरच्या माहितीपटाचं एडिट चार महिने चालू आहे. काल ड्राइव्ह बदलला, प्रोजेक्ट उघडलं तर सगळं लाल, Media Offline. रीलिंक केलं, लाल गेलं. पण आता आळंदीच्या प्रस्थानाच्या जागी जेजुरीचा भंडारा उधळतोय. शुक्रवारी निर्मात्याला दाखवायचंय. लवकर सांगा.

कात्रीवाली
कुठलं सॉफ्टवेअर? विंडोज की मॅक? जुना ड्राइव्ह चालतो का? रीलिंकनंतर सेव्ह केलंत?

सावळा_गोंधळ
प्रीमियर, विंडोज. जुना अधूनमधून टकटक करतो, म्हणूनच बदलला. सेव्ह केलं, न करून सांगतो कुणाला?

डबा_बाटली
टकटक म्हणजे अवघड आहे. आमच्या भाच्याच्या मोबाइलमधले बारशाचे फोटो असेच उडाले होते. रिकव्हरीवाल्याने निम्मे परत आणले.

रंगारी
म्हणून मी रिझॉल्व्हवर आलो. तिथे असली कटकटच नाही.

कात्रीवाली
कटकट तिथेही आहे, फक्त वेगळी. रिझॉल्व्हचं प्रोजेक्ट डेटाबेसमध्ये राहतं. वेळच्या वेळी .drp काढून ठेवली नाही आणि कुणी विंडोज नव्याने टाकलं, की शोधत बसा. असो. सावळा, क्लिपची नावं काय? फोल्डर जसेच्या तसे उचललेत का?

सावळा_गोंधळ
C0001.MP4 वगैरे. नऊ कार्डं. जुन्यावर Card01, Card02 असे फोल्डर होते. नव्यावर सुटसुटीत म्हणून सगळं एकाच Footage फोल्डरमध्ये टाकलं. विंडोजने विचारलं तेव्हा ‘दोन्ही ठेवा’ म्हटलं.

कात्रीवाली
हे आधी सांगायचं ना! तुमचा कॅमेरा प्रत्येक फॉर्मॅट केलेल्या कार्डावर C0001 पासून मोजायला लागतो. म्हणजे C0001 नऊ आहेत. एकत्र टाकल्यावर एकाचं नाव तेच राहिलं, बाकीचे C0001 (2), C0001 (3) असे झाले. प्रीमियरने नाव बघितलं आणि नऊही जागी तीच एक फाइल जोडली. टाइमलाइनवर काही क्लिपच्या शेवटी तिरके पट्टे दिसतायत का? नवी फाइल मूळ शॉटपेक्षा आखूड असली की ते येतात.

सावळा_गोंधळ
हो, पुष्कळ ठिकाणी. मला वाटलं रेंडर राहिलाय.

टाइमकोड_तात्या
सोपं आहे. Link Media च्या खिडकीत File Name काढा, Media Start वर खूण करा. सुरुवातीचा टाइमकोड जुळेल तीच फाइल घेईल.

कात्रीवाली
तात्या, कॅमेरा घड्याळाच्या वेळेवर, Free Run वर असेल तर मान्य. पण प्रत्येक कार्डावर टाइमकोड शून्यापासून सुरू झाला असेल, तर नऊच्या नऊ C0001 चा Media Start 00:00:00:00 च येणार.

टाइमकोड_तात्या
मग शूटिंगवाल्याची चूक. आम्ही सेटवर आधी तेच तपासतो.

कात्रीवाली
चूक कुणाची ते शुक्रवारनंतर बघा. सावळा, आता जे प्रोजेक्ट आहे ते बिघडलेलं आहे, त्यात शॉट दुरुस्त करत बसू नका. जुन्या ड्राइव्हवरचे Card01 ते Card09 फोल्डर नव्यावर जसेच्या तसे, त्याच रचनेत पुन्हा कॉपी करा. एकेक फोल्डर घ्या, म्हणजे अडलं तर कुठे अडलं ते कळेल. मग जुना ड्राइव्ह काढून ठेवा आणि डिस्क मॅनेजमेंटमधून नव्याला जुन्याचंच अक्षर द्या. प्रोजेक्टमध्ये फुटेज नसतं, नुसते पत्ते असतात. पत्ता जुळला तर रीलिंक करायचीच वेळ येणार नाही. शेवटी प्रोजेक्टच्या शेजारच्या Adobe Premiere Pro Auto-Save फोल्डरमधून रीलिंकच्या आधीची प्रत उघडा. नावातच तारीख-वेळ असते.

रंगारी
एवढ्यापेक्षा रोज गूगल ड्राइव्हवर प्रोजेक्ट टाकत जा. मी तेच करतो.

कात्रीवाली
टाकावंच, फाइल लहान असते. पण ती प्रत उघडली तरी फुटेज कुठून आणणार? फुटेजच्या दोन प्रती दोन ड्राइव्हवर हव्यात. शिवाय पुढच्या वेळी क्लिपला इंपोर्ट करायच्या आधीच नावं द्या, K03_C0001 अशी. एडिट सुरू झाल्यावर नावं बदललीत तर पुन्हा लाल.

सावळा_गोंधळ
माझ्या प्रोजेक्टचं नाव Wari_final_new2 आहे. आणखी एक Wari_final_khara पण आहे. खरा कोणता ते मलाही आठवत नाही.

कात्रीवाली
😄 Wari_v041 असं करा. सकाळी बसलात की Save As करून पुढचा आकडा. तीन आकडी ठेवा, म्हणजे v100 आल्यावर यादी विस्कटत नाही. ‘फायनल’ हा शब्द नावात नको.

सावळा_गोंधळ
(रात्री 1:40) आलं! परवाची ऑटोसेव्ह उघडली, आळंदी आळंदीत आहे. फक्त Card07 मधल्या तीन क्लिप जुन्या ड्राइव्हवरून कॉपीच होत नाहीत, अडकतात.

कात्रीवाली
जुन्याला आता त्रास देऊ नका. त्या तीन क्लिप तुमच्या Footage फोल्डरमध्ये आहेतच, फक्त नाव बदललंय. जुन्यावर प्रॉपर्टीजमध्ये साइज दिसेल, तेवढ्याच बाइटची फाइल तिथे शोधा, Card07 मध्ये ठेवून मूळ नाव द्या. आणि चालवून बघा.

सावळा_गोंधळ
दोन सापडल्या, चालतात. तिसरी, C0014, त्या साइजची फाइलच नाही. पहिल्या कॉपीतच अर्धी आली होती की काय?

डबा_बाटली
रिकव्हरीवाल्याचा नंबर देऊ का?