मोठा टँकर खरंच स्वस्त पडतो का?
> ‘12 हजार लिटर पाण्याचा 1800 रुपयांना, 5 हजारचा 900ला. मोठाच घ्यावा ना?’

आधी टाकीत काठी घालून मोजा. पाथर्डी फाट्याला आमची जमिनीखालची टाकी 4 बाय 3 मीटर, म्हणजे 1 सेंटिमीटरला 120 लिटर. पंप आणि नळाचा व्हॉल्व्ह बंद ठेवून मोजलं, तर ‘12 हजार’वाल्याने पातळी 75 सेंटिमीटरच चढली. म्हणजे 9000 लिटर, हजारी 200 रुपये! छोट्याने 40 चढली. 4800 लिटर, हजारी साधारण 188.

लांबच्या विहिरीचा टँकर शंभरेक रुपये जास्त घेतो, पण टीडीएस 400च्या आसपास. जवळच्या बोअरचं 1100. बादलीत साबणाला फेसच येत नाही, गिझरची कॉइल पांढरीफटक. आम्ही लांबचाच घेतो. ड्रायव्हर काठी बघून कुरकुरतो, ते चालायचंच.